तपासणीआधी बंद होणारी मेथी

आबांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवल्यापासून त्यांना रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी चालू आहे. बारामतीला रक्त तपासायच्या आधी आई आठवडाभर मेथी बंद ठेवायची, रिपोर्ट चांगला यावा म्हणून. रक्त पातळ निघालं की डॉक्टर गोळी कमी करायचे, आणि घरी आलं की मेथी पुन्हा रोज ताटात.

मेथीनं असं होतं तरी काय? न राहवून मी डॉक्टरांना सगळं सांगून विचारलं.

"रक्त गोठवणारी प्रथिनं यकृतात बनतात," डॉक्टर म्हणाले, "पण व्हिटॅमिन के मिळालं तरच ती कॅल्शियम धरून कामाला लागतात. ते मिळतं पालेभाजीतून. वापरलेलं के शरीर पुन्हा ताजं करतं, तेच ही गोळी अडवते. म्हणून भाजी खा, पण रोज सारखी. गोळीचं माप त्यावरच ठरतं."

आई ओशाळली. "म्हंजी आमी दर बारीला तुमच्याकडं दुसराच माणूस तपासायला आणत हुतो?"