साठ वॅटचं लग्न

तिसगावात केबल टीव्ही आम्ही आणला. आम्ही म्हणजे मी आणि माझा भागीदार. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमची पहिली डिश बघायला गच्चीवर एवढी गर्दी झाली, की ती गच्ची चार बोटं खाली बसली आणि अजून वर आलेली नाही. खोटं वाटत असेल तर जाऊन मोजा.

केबलच्या धंद्यात एक गंमत होती. वायर लांब गेली की चित्र मरतं, म्हणून ठरावीक खांबांमागे एक बूस्टर लावायचा. बूस्टरला वीज कुठली? तर त्याच वायरीतली. चौकात सप्लायचा एक डबा, त्यातून सिनेमाही जायचा आणि वीजही. माझा भागीदार वायर ताणण्यात असा पटाईत, की त्याला मोकळा सोडला असता तर त्याने तिसगावचा सिनेमा शेवगावात दाखवला असता. एकदा क्रिकेटच्या मॅचच्या तोंडावर त्याने एका डब्यावर जास्तीचे दोन बूस्टर चढवले. शेवटच्या गल्लीत बॉलर धावत आला आणि तिथेच विरघळला. ती गल्ली आमच्यामागे अशी लागली, की आम्ही उसातून पळालो ते थेट पाथर्डीत निघालो.

पुढे घरोघरी स्वतःच्या डिशच्या छत्र्या आल्या आणि आमचा धंदा बसला. मी दुकान टाकलं, भागीदार कॅमेरे आणि नेटच्या कामाला लागला. वीसेक वर्षांनी गावाबाहेर एक मंगल कार्यालय उभं राहिलं. तिथलं काम त्यालाच मिळालं. सहा कॅमेरे आणि वायफायची दोन यंत्रं, एक स्टेजवर, एक पंगतीच्या शेडमध्ये. नेट आणि वीज एकाच वायरीतून, एकाच स्विचवरून, म्हणजे दोन्ही वाटणाऱ्या आठ भोकांच्या डब्यावरून. हे ऐकून मी म्हणालो, "म्हणजे आपला चौकातला डबाच की!"

"तोच, मर्दा. फक्त अंगठ्याएवढी वायर जाऊन करंगळीएवढी आली."

पण या करंगळीचे नखरे वेगळे होते. शंभर मीटरच्या पुढे ती नेट नेत नाही, आणि तेवढ्या वाटेत थोडी वीजही स्वतःच खाते. कार्यालयाचं फाटक होतं दीडशे मीटरवर. भागीदाराने आधी जुन्या सवयीने वायर सरळ ताणली. कॅमेरा लागला नाही. मग त्याने निम्म्या वाटेवरच्या लिंबाच्या झाडाला प्लास्टिकच्या डब्यात एक एक्स्टेंडर बांधला. तो नेट पुन्हा ताजं करून पुढे ढकलतो, वीजही पुढे देतो, पण दलाली म्हणून दोनेक वॅट स्वतःकडे ठेवतो. कॅमेरा लागला. भागीदाराने त्या झाडाला हात जोडले.

मालकाच्या हौसेचे सुरुवातीला चारच कॅमेरे होते. नंतर पाहुण्यांच्या चपला आणि आचाऱ्याचे गुलाबजाम गायब व्हायला लागले, म्हणून दोन वाढवले. मी विचारलं होतं, "स्विचला झेपंल का?"

"आठ भोकं हायेत आन् आठच यंत्रं. एकेक भोक पंधरा वॅट देतं. आजून काय पायजे?"

माझ्या दुकानात तेव्हा गिऱ्हाईक उभं होतं, मी तिकडे वळलो.

आणि मग त्याच कार्यालयात भागीदाराच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न निघालं. गोरज मुहूर्त धरला. लग्नाला आठवडा असताना हा गडी स्वतःच्याच मांडवावर दिव्यांची माळ बांधायला चढला आणि खाली आला. त्याचं म्हणणं, तो उतरत होता. पाय दोन ठिकाणी मोडला. पुण्याच्या दवाखान्यात तो पाय वर टांगून पडला आणि तिथून सगळ्यांना दम दिला, की लग्न पुढे ढकलाल तर दुसरा पाय मीच मोडून घेईन.

मुलगी बापाचीच. ती म्हणाली, "अण्णांचं तोंड दिसल्याशिवाय मी हार घालणार न्हाई."

त्यावर तोड निघाली. दवाखान्यात भाचा लॅपटॉप घेऊन बसेल, इकडे मी स्टेजसमोर मोबाईल धरीन, आणि कार्यालयाच्या वायफायवरून बाप लग्न बघेल. मोबाईलची रेंज तेव्हा आमच्याकडे बोलण्यापुरतीच होती. चित्र म्हटलं की ती मान टाकायची. म्हणजे सगळी मदार स्टेजवरच्या त्या पांढऱ्या थाळीएवढ्या यंत्रावर.

दुपारभर यंत्र झकास चाललं. भागीदाराने पडद्यातून आचाऱ्याला वरणात मीठ किती ते सांगितलं, मांडववाल्याला शिव्या दिल्या, व्याह्यांचा फेटा सैल असल्याचं कळवलं. नवरदेवाच्या वरातीत मंडळी अशी नाचली, की धुळीने सूर्य अर्धा तास आधीच मावळल्यासारखा वाटला. नवरा-नवरी पाटावर उभे राहिले, मध्ये अंतरपाट धरला, गुरुजींनी घसा साफ केला, आणि माझ्या हातातला भागीदार तोंड उघडं ठेवून गोठला. मग गेलाच.

मी वर बघितलं. यंत्राचा दिवा विझलेला.

"काका, अण्णा कुठंयत?" अंतरपाटामागून नवरीने विचारलं.

"येतील. पाणी प्यायला गेलेत."

"पाय टांगून?"

मी बाजूला होऊन त्याला साधा फोन लावला. तेवढी रेंज होती. तिकडून तो ओरडला, "आरं, काळं झालं सगळं!"

"स्टेजवरचं यंत्र मेलं. पंगतीतलं चालू हाय."

व्याह्यांकडच्या एका म्हाताऱ्याने हे ऐकलं आणि उपाय सुचवला, "मंग लगीन पंगतीतच लावा. अक्षदा टाकल्या की तिथंच जेवायचं." आमची निम्मी मंडळी खरंच उठली. वहिनी, म्हणजे नवरीची आई, पदर खोचून आडवी उभी राहिली तेव्हा बसली.

फोनवर भागीदार एकदम हळू आवाजात म्हणाला, "कॅमेऱ्यांकडं बघ. डोळे लाल झालेत का?"

मी बाहेर बघितलं. अंगणात, फाटकाकडे, जोडे काढायच्या जागी, अंधारात प्रत्येक कॅमेऱ्याभोवती बारीक लाल ठिपक्यांची माळ पेटली होती. अंधार पडला की कॅमेरे स्वतःचे दिवे लावतात आणि रात्रीचं बघायला लागतात.

आणि दोघांच्या डोक्यात एकदमच तो क्रिकेटचा बॉलर विरघळला.

"अरे लेका," मी म्हणालो, "दिवसा चार वॅट खाणारा कॅमेरा आता आठ खातोय. स्विच सगळ्यांना मिळून देतो किती?"

"साठ," तो म्हणाला. इतक्या बारीक आवाजात तो आयुष्यात बोलला नसेल.

"भोकाला पंधरा म्हणून सांगत होतास ना?"

"भोकाला पंधरा. समद्यांना मिळून साठ. दिवसा चव्वेचाळीसवर भागत हुतं. आता सहा कॅमेरे, दोन यंत्रं आन् तो लिंबावरचा दलाल... अडुसष्ट." आणि मग एक उसासा. "भार जास्त झाला की स्विच शेवटच्या भोकाची वीज काढतो. शेवटच्या भोकात मीच लावलंय स्टेजचं यंत्र."

म्हणजे चपला बघायला वीज होती, पोरीचं लग्न बघायला नव्हती.

"दोन कॅमेरे उपटतो," मी म्हणालो.

"स्विच हापिसात. हापिसाला कुलूप."

मालक किल्ल्या खिशात घालून बर्फ आणायला शेवगावला गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. शिडीही हापिसातच. वायर कोयत्याने तोडावी म्हटलं, तर उंदरांच्या भीतीने याने सगळ्या वायरी लोखंडी पाइपातून नेलेल्या. गुरुजी म्हणाले, "मुहूर्त माझ्या हातात नाही, फक्त मंगलाष्टकांची लांबी माझ्या हातात आहे."

"गुरुजी, लांबवा."

"किती?"

"तुम्हाला येतात तेवढ्या सगळ्या."

नवरी अंतरपाटामागे डोळे पुसायला लागली होती. फोन माझ्या कानाला होता आणि भागीदारालाही ते हुंदके ऐकू गेले असावेत. कारण तो एकदम गरजला, "मर्दा, त्यांना वाटू दे ना दिवस हाय! तोंडावर उजेड मार! उजेड पडला की ते आपले दिवे इझवत्यात!"

पुढे जे झालं ते तिसगावात अजून सांगतात, आणि मी सांगतो तसंच सांगतात, कारण मीच सांगितलेलं आहे. लग्नाला आलेले ट्रॅक्टर, जीपा, टेम्पो फाटकापाशी उभे होते. मी स्टेजवरून आरोळी ठोकली, "गाड्या काढा, आन् कॅमेऱ्यांच्या तोंडावर लायटी मारा!" वऱ्हाडातल्या ड्रायव्हरांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. पंगतीची वाट बघून ते कंटाळलेच होते.

"किती कॅमेऱ्यांवर?" एकाने विचारलं.

मी फोनवर विचारलं. भागीदार म्हणाला, "हिशेबानं दोन पुरतील. पन यंत्र उठताना स्विच त्याच्यासाठी जास्तीची वीज राखून ठेवतो. चारांवर मार."

दोन ट्रॅक्टर अंगणातल्या कॅमेऱ्यांपुढे गेले. एक जीप जोड्यांपाशी चढली आणि पन्नासेक चपला दिवसाढवळ्या चिरडल्या. फाटकाच्या कॅमेऱ्यापुढे ऊस वाहायचा ट्रक लागला. त्याचे दिवे असे, की लिंबावरचे कावळे पहाट झाली समजून उठले आणि शेजारच्या वस्तीवर एक कोंबडा आरवला. एवढं मी शपथेवर सांगतो. बाकीच्यात थोडं मीठ टाकलेलं असेल.

एकेका कॅमेऱ्याच्या लाल माळा विझल्या. एक. दोन. तीन. फाटकाचा जरा हट्टी होता, तोही विझला.

स्टेजवरचं यंत्र मात्र मेलेलंच.

"काय न्हाई झालं," मी फोनवर म्हणालो.

"थांब. वीज आल्यावर त्याला जागं व्हायला मिनिटभर लागतं. तू मी न्हाईस, लगेच उठून भांडायला."

गुरुजी कुठल्या कुठल्या मंगलाष्टका म्हणत होते देव जाणे. शेवटच्या दोनांत तर मला ग्रहांऐवजी तालुक्यातल्या गावांची नावं ऐकू आली. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले होते. तेवढ्यात वरच्या पांढऱ्या थाळीत हिरवा ठिपका लुकलुकला आणि स्थिर झाला. मी मोबाईल उंच धरला. पडद्यावर आधी एक प्लास्टरचा पाय आला, मग त्याच्या मागून भागीदाराचं तोंड.

मी मोबाईल अंतरपाटाच्या वर नेला. नवरीने बघितलं.

"अण्णा, दिसतंय का?"

"दिसतंय गं माय," तो म्हणाला. "घाल आता हार. ट्रॅक्टरातलं डिझेल संपायच्या आत घाल."

अक्षता पडल्या. भागीदार रडला, पण नेटचं चित्र अडखळत असल्याने तो तुकड्या-तुकड्यात रडला. त्यामुळे त्याला अजूनही म्हणता येतं, की तो रडलाच नव्हता.

मालक बर्फ घेऊन आला तेव्हा त्याच्या फाटकात ट्रक, अंगणात दोन ट्रॅक्टर, चपलांवर जीप, आणि कॅमेऱ्यांच्या तोंडावर उन्हाळा. त्याने विचारलं, "हे काय चाललंय?"

"दिवस काढतोय," मी म्हणालो. "किल्ली द्या, म्हणजे मावळू देतो."

पाय बरा झाल्यावर भागीदाराने तिथला स्विच बदलून एकशेवीस वॅटचा बसवला, आणि स्टेजचं यंत्र पहिल्या भोकात घातलं. लग्नातलं कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग मात्र त्याने पुसू दिलं नाही. आता दोन नातवंडांना मांडीवर घेऊन तो ते लावतो. उजेडामुळे चित्र रंगीत आलंय आणि धूळ सोन्यासारखी चमकते. मागच्या दिवाळीत थोरल्या नातवाने विचारलं, "आबा, आईचं लगीन दुपारी लागलं व्हतं?"

"न्हाई रे," भागीदार म्हणाला, "गोरज मुहूर्तावर. पन मला दिसावं म्हनून तुझ्या या आजोबानं सूर्य थांबवला." आणि बोट माझ्याकडे केलं.

मी नाही म्हणालो नाही. इतक्या वर्षांत त्याने माझ्याबद्दल सांगितलेली ही पहिलीच थाप होती, आणि ती माझ्या थापांपेक्षा मोठी होती.