लिलाधर वलथरेची पहिली पसंती

ज्याने एकही तारीख चुकवली नाही, त्या माणसाच्या मुलीची जागा गेली. आपल्या प्रवेशव्यवस्थेविषयी तक्रार करणारे बहुतेक लोक मुदत चुकलेले असतात आणि त्यांना गप्प करणे सोपे असते. लिलाधर वलथरेला गप्प करायला कोणाकडेही कारण नव्हते. म्हणून त्याच्याकडे कोणी लक्षच दिले नाही.

लिलाधर आसगावचा ढीवर. मासेमारी संस्थेचा सभासद, दहावीपर्यंत शिकलेला आणि शिस्तीचा विलक्षण भोक्ता. तलावावर जाळे टाकायला जाताना तो इस्त्री केलेला सदरा घालत असे आणि काठावर काढून ठेवत असे. त्याची धाकटी मुलगी खुशी पवनीच्या कनिष्ठ महाविद्यालयात माझ्याकडे मराठी शिकली. बारावी झाली, सीईटीचा निकाल आला आणि तिचे पर्सेंटाईल पाहून स्टाफरूममधल्या गणिताच्या सरांनी चहा मागवला. चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, संगणक शाखा. खुशीला हवे होते ते एवढेच, आणि ते तिच्या आवाक्यात होते.

त्या दिवसापासून लिलाधरने घराच्या आतल्या भिंतीवर खडूने तारखा मांडल्या. नोंदणी, कागदपत्र पडताळणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, पर्याय अर्ज, पहिली फेरी, शुल्क, हजेरी. जात वैधता प्रमाणपत्र त्याने मुलगी अकरावीत असतानाच काढून ठेवले होते. नॉन-क्रिमीलेअरसाठी तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो मे महिन्यातच तहसीलमधून आणला. पडताळणी केंद्रावर शिकले-सवरलेले पालक दाखल्याची मुदत संपली म्हणून कपाळ बडवत उभे असताना हा मूळ प्रती आणि झेरॉक्स वेगवेगळ्या पिशव्यांत घेऊन शांत बसला होता. अंतिम गुणवत्ता यादीत खुशीचे नाव, प्रवर्ग, गुण सारे बिनचूक आले.

मग पर्याय अर्ज आला. ज्या क्रमाने महाविद्यालये हवीत, त्या क्रमाने ती भरायची.

हा अर्ज कोंढ्याला, पिंटूच्या कॉम्प्युटरच्या दुकानात भरला गेला. तिथे जे झाले ते मला खुशीने सांगितले.

“पहिलं चंद्रपूर टाकू ना, काकाजी?” पिंटूने विचारले.

“नाई. पहिलं हे टाक.” लिलाधरने नागपूरच्या अलीकडे महामार्गाला लागून असलेल्या एका खाजगी महाविद्यालयाचे नाव दाखवले. “इथं तं मिळतेच ना?”

“मिळतेच म्हणजे? याले कोणी विचारत नाई. हिच्या मार्कात तं मालक सोता गाडी पाठवन!”

“मंग टाक पयले.”

“पण बाबा, मले तिथं जायचंच नाई,” खुशी म्हणाली.

“तुले जायला कोण सांगून राहिलं? आधी हाती धरून ठेवाचं. दुसऱ्या फेरीत सोडून चंद्रपूर घ्याचं. रिकाम्या हाताचा माणूस मोठ्या वाटणीत उभा राहू शकते का?”

हे वाक्य त्याने कोठून आणले, हे आसगावच्या कोणत्याही ढीवराला कळेल. त्यांच्या संस्थेत दरवर्षी पाण्याची वाटणी दोनदा होते. पहिल्या वाटणीत बोड्या, म्हणजे गावाभोवतीची लहान तळी, ज्याच्या-त्याच्या नावावर चढतात. दुसऱ्या वाटणीत मोठा तलाव निघतो. ज्याच्या हाती बोडी असेल, तोच ती परत करून मोठ्या तलावावर हक्क सांगू शकतो. हा नियम आजोबांच्या काळापासूनचा, आणि न्याय्यही आहे. फेरी म्हणजे काय, हे लिलाधर आयुष्यभर याच नियमाने शिकला होता. प्रवेशाच्याही फेऱ्याच होत्या. त्याने चंद्रपूर दुसऱ्या क्रमांकावर टाकले.

पिंटूने मागितलेला ओटीपी खुशीने वाचून दाखवला आणि अर्ज कायम झाला.

प्रवेशाचा नियम उलटा आहे. पहिल्या फेरीत तुम्हाला तुमचा पहिलाच पर्याय मिळाला, तर तो आपोआप कायम होतो. पुढच्या फेऱ्यांत तुम्हाला जागा सुधारून घेता येत नाही. सुधारणेची मुभा आहे ती खालचा पर्याय मिळालेल्यांना. हा नियम लपवलेला नाही. तो माहितीपुस्तिकेत आहे, इंग्रजीत, इतर शेकडो नियमांच्या मधोमध. शासनाने तो छापला आणि आपले कर्तव्य संपवले. ज्या राज्याचा कारभार मराठीत चालतो म्हणून सांगितले जाते, त्या राज्यात हे एक वाक्य मराठीत, ठळक अक्षरांत, पर्याय अर्जाच्या माथ्यावर लिहिण्याइतकी सवड कोणाला झाली नाही.

पहिल्या फेरीची यादी लागली आणि खुशीला अर्थातच पहिला पर्याय मिळाला. लिलाधरने त्याच दिवशी जागा स्वीकारण्याचे शुल्क ऑनलाइन भरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मुलीला घेऊन जाऊन मूळ कागदपत्रांसह प्रवेश घेतला. मुदतीला अजून अवकाश होता. बोडी हाती आली होती.

दुसऱ्या फेरीचे पर्याय भरायला दोघे पुन्हा पिंटूकडे गेले. लॉगिन उघडले. पर्यायांचे पान उघडेना.

“सर्व्हर डाऊन असन,” लिलाधर म्हणाला.

पिंटूने स्क्रीनवरची इंग्रजी ओळ दोनदा वाचली. “काकाजी, सर्व्हर नाई. तुमचं झालं म्हणते.”

“काय झालं?”

“ॲडमिशन. आता पुढच्या फेरीत नाव नाई.”

“अबे, पण आम्ही सोडून राहिलो ना ते! सोडाची बटन कुठं आहे?”

“सोडता येते. पण सोडलं तं चंद्रपूर मिळन असं नाई. काहीच मिळन नाई.”

खुशीने मग स्वतःच माऊस घेतला आणि चंद्रपूरची पहिल्या फेरीची यादी उघडली. तिच्या प्रवर्गातून संगणक शाखेला शेवटचा जो मुलगा लागला होता, त्याचे पर्सेंटाईल तिच्यापेक्षा कमी होते. तिने ते नाव बराच वेळ पाहिले. बापाला दाखवले नाही. पण लिलाधरला आकडे वाचता येत होते.

लिलाधर माझ्याकडे आला तो थेट तक्रार लिहून घ्यायला. मी लिहून दिली. जितकी सभ्य भाषा मला येते तितकी वापरून, नियमाचा आदर राखून आणि त्याचे अज्ञान कबूल करून विनंती केली की मुलीला पुढील फेरीत बसू द्यावे. तो सदरा घालून पडताळणी केंद्रावर गेला. तिथल्या बाईंनी अर्ज वाचला आणि त्या खरोखर हळहळल्या.

“भाऊ, माझ्या हातात काय आहे? तुम्ही पर्यायच तसा दिला.”

“मॅडम, मी एकही तारीख चुकवली नाही.”

“हो, तेच तर. चुकवली असती तरी हेच झालं असतं.”

तीच तक्रार त्याने ऑनलाइनही केली. तिचे उत्तर आले: उमेदवारास प्रथम पसंतीनुसार जागा मिळाली असून प्रवेश नियमानुसार आहे. तक्रार निकाली.

निकाली! या एका शब्दात आपले प्रशासन किती सुखाने झोपते.

शकुनबाईंनी, खुशीच्या आईने, नवऱ्याला एका शब्दाने दुखावले नाही. त्यामुळे त्याला अधिकच त्रास झाला असावा. तो जेवायला बसे आणि ताट तसेच सारून उठे. एकदा म्हणाला, “शिवी तं दे.” त्या म्हणाल्या, “तुमाले शिवी देऊन चंद्रपूर येते का?”

एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावी, असे मी सुचवले. खुशी म्हणाली, “सर, बाबा वर्षभर माझ्याकडे पाहू शकणार नाहीत. मी जाते.”

वसतिगृहात सोडायला लिलाधर स्वतः गेला. खोलीतली दुसरी मुलगी, वर्ध्याकडची, सामान लावत होती. तिला हे महाविद्यालय चौदाव्या पर्यायात मिळाले होते आणि ते सांगताना ती हसत होती.

“तुझं कितवं ऑप्शन होतं गं?”

“पहिलं,” खुशी म्हणाली.

“काय सांगतेस! हे? पहिलं? कोणी टाकायला लावलं तुला?”

दारात गादी धरून उभ्या असलेल्या बापाकडे खुशीने पाहिले नाही.

“कोणी नाही. मलाच आवडलं होतं,” ती म्हणाली.

लिलाधरने गादी पलंगावर ठेवली, चादर कोपऱ्यापर्यंत ताणून नीट घातली आणि बसची वेळ झाली म्हणून निघाला. बसला बराच अवकाश होता.