गळा पाहून माळ

दुर्गाघाटाच्या गल्लीत आमच्या कालिंदीकाकू पुणतांबेकरांचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीवर काचेच्या मण्यांच्या सरी टांगलेल्या, एका बाजूला आरसा, आणि आरशासमोर बसायला वेताचा एक बुटका मोडा. काकू माळा ओवतात, तुटलेल्या जोडून देतात, जुन्या दागिन्यांचे दोरे बदलून देतात. त्यांचे यजमान ढुंढिराजकाका रामघाटावरच्या वेदशाळेत शिकवतात. सकाळी त्यांचे विद्यार्थी संथा म्हणत असतात, तेव्हा काकू इकडे सुईत दोरा ओवत असतात.

काकूंना मण्यांची आवड पहिल्यापासून होती, पण गळ्यांचं वेड लागलं ते एका तक्रारीमुळे. दोन जुळ्या बहिणी एकदा अगदी सारख्या लाल माळा घेऊन गेल्या. आठवड्याने त्यातली एक परत आली. "आंटी, दीदीपर इतना अच्छा लगता है, मुझपर क्यों नहीं?" तिचा प्रश्न अगदी रास्त होता. चेहरा तोच, रंग तोच, माळ तीच. काकूंनी तिला आरशासमोर बसवलं आणि बराच वेळ नुसतं बघितलं. मग त्यांच्या लक्षात आलं की, बहिणीच्या कुर्तीचा गळा गोल आणि मोठा होता. हिचा बोट नेक, म्हणजे या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत जवळजवळ सरळ रेषा. माळ त्या रेषेवरच येऊन पडत होती, थोडी कातडीवर, थोडी कापडावर. जणू माळेला कुठे बसायचं तेच कळत नव्हतं.

काकूंनी तिला लांब माळ दिली, छातीच्याही खाली येणारी. ती कापडावरून सरळ खाली आली आणि प्रश्न मिटला. मुलगी खूश होऊन गेली. काकूंचं मात्र तेव्हापासून सुरू झालं.

समोरच्या बोळात जहीर मास्टरांचं शिलाईचं दुकान होतं. काकू तिथे जाऊन उभ्या राहिल्या. "मास्टरजी, तुमच्याकडे गळ्यांचे कागदी फर्मे असतील ना? मला थोडे दिवस द्या."

"क्या करेंगी, बहनजी? सिलाई शुरू कर रही हैं?"

"नाही हो. देखना है, माला कहाँ रुकती है."

मास्टर हसले, पण खाकी कागदाचे जुने फर्मे त्यांनी दिले. गोल, चौकोनी, व्ही, बोट, पान गळा, मटका गळा. काकू दुपारी दार लोटून घ्यायच्या, एकेक फर्मा स्वतःच्या गळ्याला लावायच्या, त्यावर दोऱ्यात ओवलेलं एक बटण लोंबतं सोडायच्या आणि ते वरखाली सरकवत आरशात बघत बसायच्या. गोल गळ्यात माळही गोल हवी, पण काठापासून दोन बोटं आत. काठावरच चढली की चुकून घातल्यासारखी वाटते. चौकोनी गळ्यात गोल माळेने कोपरे रिकामे दिसतात, तिथे गळ्याशी सरळ बसणारी चिंचपेटी बरी. दोन माळा घालायच्या तर मधे अंतर हवं, नाहीतर मंगळसूत्र आणि माळ एकमेकांत गुंततात. एकदा ढुंढिराजकाका वेदशाळेतून लवकर आले तर बायको गळ्यात खाकी कागद अडकवून बसलेली.  त्या दिवशी चहा त्यांनीच टाकला.

अशात एके दिवशी सुरुची आली. ती विद्यापीठात भूगोल शिकवते. तिच्या आईची आणि काकूंची जुनी ओळख. थंडी संपत आली होती, तरी सुरुचीच्या कुर्तीचा गळा पार हनुवटीपर्यंत बंद होता. मोड्यावर बसल्यावर तिने वरची दोन बटणं काढली. कंठाच्या खाली, गळ्याच्या वळीत, एक आडवा गुलाबीसर व्रण होता.

"थायरॉइडचं ऑपरेशन झालं मागच्या वर्षी," ती म्हणाली. "तेव्हापासून सगळे बंद गळेच शिवते. पण काकू, पुढच्या महिन्यात निनादचं लग्न आहे. भावाच्या लग्नात करवली बंद गळ्याचं पोलकं घालून कशी मिरवणार? आजीचा तन्मणी आहे, तो घालायचाय. पण हे झाकलंही गेलं पाहिजे."

तिने डबी उघडली. बारीक मोत्यांच्या पदरांचा तन्मणी, मधे हिरव्या खड्याचं पदक, मागे काळवंडलेला दोरा.

काकूंना वाटलं, हे तर सोपं आहे. तन्मणी बाजूला ठेवून त्यांनी स्वतःची ठुशी काढली. ठुशी गळ्याशी घट्ट बसते, बरोबर व्रणावर येईल. दोरा सरकवून त्यांनी ती चढवली. सुरुची ताठ बसली होती तोवर व्रण खरोखरच दिसला नाही. "वा!" ती म्हणाली आणि डबीकडे बघायला मान खाली घातली. ठुशी थोडी सरकली, आणि सोन्याच्या काठावर ती गुलाबी रेघ डोकावली. अगदी चौकटीत बसवल्यासारखी.

"टोचतंय पण," सुरुचीने मानेला हात लावला. "अजून नाजूक आहे तिथे."

काकूंनी ठुशी लगेच काढली. "चुकलंच माझं. ज्या जागेवरून नजर काढायची, तिथेच मी सोनं ठेवलं."

दुसरा उपाय त्यांनी मोहनमाळेचा केला. बंद गळ्याचंच पोलकं, त्यावर लांब माळ. कुर्तीवर ती सुरेख दिसली, इतकी की सुरुचीने वर्गात घालायला तशीच एक मण्यांची माळ घेतली. पण साडीचा पदर खांद्यावरून आला की अर्धी माळ त्याच्याखाली गुडूप व्हायची. शिवाय तन्मणी राहूनच जात होता. तो लांब घालायचा दागिना नाही, आणि कापडावर टाकला तर मोती साडीच्या जरीत हरवतात.

सुरुचीचा चेहरा उतरला. "म्हणजे नाहीच जमणार?"

"थांब गं," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकायला लागले होते. "आपण उलटं बघू, आधी तन्मणी, मग त्याला शोभेल तो गळा. तू नुसती बस."

त्यांनी फर्मे काढले आणि एकेक करून सुरुचीच्या गळ्याला लावले. मटका गळ्याचा वरचा भाग अरुंद, तिथे तन्मणीचे पदर काठाला घासू लागले. गोल गळ्यात तन्मणी छान बसला, पण पदक वरच राहिलं, व्रणाच्या अगदी जवळ. मग त्यांनी व्ही गळ्याचा फर्मा घेतला, फार खोल नसलेला. तन्मणीच्या मागचा दोरा सैल सोडला. पदक जड असल्यामुळे मधे खाली आलं आणि मोत्यांच्या पदरांनीही तसाच उतार घेतला. पदकाचं खालचं टोक कापडाच्या टोकावर टेकत होतं.

"जरा जास्त झालं. कापडाला लागलं की ते हलत राहील, अडकेल." काकूंनी दोरा थोडा ओढला. पदक टोकापासून दोन बोटं वर येऊन थांबलं. मोत्यांच्या आणि कापडाच्या मधे कातडीची सारखी पट्टी दिसू लागली.

सुरुची आरशात बघत होती. "पण काकू, व्रण तर उघडाच राहिला!"

"हो. राहिला."

"मग?"

"मला एक बघू दे." काकूंनी आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "अहो, जरा बाहेर येता का?"

ढुंढिराजकाका पुस्तकात बोट घालूनच आले. काकूंनी विचारलं, "हिच्याकडे बघून पहिल्यांदा काय दिसलं?"

काका गोंधळले. "हिरवा खडा. पाचू आहे का तो?"

"आणि नंतर?"

"नंतर... सुरुचीच की. कशी आहेस बाळ?" मग जरा थांबून ते म्हणाले, "आता तुम्ही दोघी अशा बघताय म्हणून दिसतंय, गळ्यावर काहीतरी झालेलं आहे. लागलं होतं का?"

 काकूंनी खोटं समाधान केलं नाही. "दिसणार ते, सुरुची. ज्याला बघायचंच आहे त्याला दिसेल. पण नजर आधी खाली जाते. माझ्या हातात एवढंच आहे. पुढचं तुझं तू ठरव."

सुरुचीने खूप वेळ घेतला. मान वळवून, खाली घालून, हसून बघितलं. शेवटी म्हणाली, "जहीर मास्टरांकडे चला माझ्याबरोबर. मला नीट सांगता येणार नाही."

मास्टरांना तीन गोष्टी सांगितल्या गेल्या. व्ही गळा एवढाच खोल. काठाला जरी नाही, भरतकाम नाही, कारण मोत्यांच्या शेजारी दुसरी झगमग नको. आणि पाठ साधी, फार उघडी नाही, नाड्याही नकोत. तन्मणीचा दोरा आणि गोंडा मागे येतो, त्यात पोलक्याच्या नाड्या गुंतल्या असत्या. मास्टर सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "बहनजी, पहले से पता रहे तो हर ब्लाउज़ में आसानी हो. लोग सिलवाने के बाद हार ढूँढते हैं." काकू परत येताना हेच वाक्य घोळवत होत्या.

लग्न ब्रह्माघाटाजवळच्या एका कार्यालयात होतं. सुरुची अंजिरी रंगाच्या पोलक्यावर मोतिया साडी नेसून पाहुण्यांचं स्वागत करत होती. सुरुवातीला तिचा हात सारखा गळ्याकडे जात होता. लांबच्या एका आत्यांनी विचारलंच, "हे काय गं झालं गळ्याला?"

"थायरॉइडचं ऑपरेशन, आत्या. आता बरं आहे."

"बरं बरं. आणि हा तन्मणी आजीचा ना? मला आठवतोय!" आत्यांनी पदक हातात घेऊन खडा उजेडात धरला, आणि आजीच्या आठवणी सांगायला लागल्या. त्यानंतर सुरुचीचा हात गळ्याकडे गेलेला काकूंना दिसला नाही.

जेवणाच्या आधी फुलांच्या माळा उचलून आणताना मोत्यांत अडकू नयेत म्हणून सुरुचीने तन्मणी काढून आईकडे दिला. ती परत आली तेव्हा तिच्या गळ्यात काहीच नव्हतं. काकू टक लावून बघत राहिल्या. व्ही गळा, मोकळा कंठ, कानात मोत्याच्या कुड्या. चांगलं दिसत होतं. कदाचित जास्तच चांगलं.

त्यांनी तिला बाजूला घेतलं. "सुरुची, एक सांगू? काहीच नसलं तरी हा गळा शोभतोय. हे मला आधी सुचलंच नाही."

सुरुचीने कार्यालयातल्या आरशात स्वतःकडे पाहिलं. मग हसली आणि आईकडून तन्मणी मागून घेतला. "शोभत असेल, काकू. पण मला तो घालायचाय." आणि काकूंकडे पाठ करून उभी राहिली.

काकूंनी गोंडा सरकवला, पदक दोन बोटं वर आहे ना ते बघितलं, आणि तिला पंगतीकडे पाठवून दिलं.

हल्ली कालिंदीकाकूंकडे कोणी माळ मागायला आलं की त्या आधी विचारतात, "कशावर घालणार?" मुली फोनवर कुर्तीचा फोटो दाखवतात. जहीर मास्टरही कधीकधी गिऱ्हाईक त्यांच्याकडे आधी पाठवतात. गळ्यावर भरगच्च भरतकाम असलं तर काकू सरळ सांगतात, "माळ नको, झुमके घे." सध्या त्या शर्टासारख्या कॉलरच्या मागे लागल्या आहेत. वरचं बटण लावलं तर माळ बाहेरून लांब, आणि उघडं ठेवलं तर आत छोटं पदक, इथवर आलंय. पण दोन बटणं उघडी असली तर काय, ते अजून जमलेलं नाही. परवा मी गेले तेव्हा काकांचा एक जुना शर्ट घालून त्या आरशासमोर बसल्या होत्या, आणि मला बघून म्हणाल्या, "बरी आलीस. जरा लांब उभी राहा आणि सांग, आधी काय दिसतंय?"