सोळा शेले आणि एक मंडई

समस्त सज्जनांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मंगळवारी सकाळी अकरा वाजता, अड्याळजवळच्या आमच्या कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कारखान्यात, मी एक दिलगिरीचा ईमेल लिहायला बसलो. दुपारी दोनपर्यंत त्यात ‘आदरणीय ताई’ एवढाच मजकूर झाला होता.

कारखाना म्हणजे चार माग, एक इस्तरीचं टेबल आणि मी. पत्रव्यवहार आणि पार्सलं रवाना करणं माझ्याकडे. पुण्याच्या एका बाईंनी लेकीच्या लग्नात व्याह्यांच्या मानपानासाठी चोवीस शेले सांगितले होते. मी शनिवारी पाठवतो म्हणून कळवलं होतं. शनिवार गेला. सोळा झाले, आठ मागावरच. बाईंनी लिहिलं, “लग्न येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आहे. मी व्याह्यांसमोर रिकाम्या हातांनी उभी राहू का? उद्यापर्यंत ठाम उत्तर द्या, नाहीतर ऑर्डर रद्द.”

उशिराचं कारण आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दिवाळी सरली की गावोगावच्या मंडया, म्हणजे एकेका दिवसाच्या जत्रा, सुरू होतात. आज या गावात, उद्या त्या गावात. घरात पाहुणे, रात्री दंडारीचा नाच नाहीतर नाटक, आणि सकाळी मागावर बसलेली बाई डोळे उघडे ठेवून झोपलेली. मीही त्यातलाच. त्या आठवड्यात तीन नाटकं पाहून माझं डोकं भुशाचं पोतं झालं होतं. हे सगळं पुण्याला कसं कळवायचं? म्हणून मी लिहिलं, ‘काही अपरिहार्य तांत्रिक अडचणींमुळे’, आणि माझ्या प्रतिभेवर खूश होऊन मोठ्यानं वाचून दाखवलं.

पहिल्या मागावरच्या बाई आमच्यात सगळ्यांत वडील. त्यांनी धोटा थांबवला.

“कोनती अडचन आली जी, भाऊजी? मागाले त काई झालं नाई.”

“असं लिहायची पद्धत असते, बाई.”

“मंडई होती मनून लिवा ना. आपन का चोरी कराले गेलतो?”

मी खोडलं. खरं कारण लिहिलं. चूक आमची आहे, तारीख देताना मंडया मोजल्या नाहीत, असंही लिहिलं. मग उपाय. तयार सोळा शेले आजच कुरिअरनं निघतील, दोन्ही पार्सलांचा खर्च आमचा, आणि उरलेले आठ लग्नाआधी पोचले नाहीत तर त्यांचे पैसे पूर्ण परत. शेवटी मोठ्या थाटात, तोंडानं म्हणत लिहिलं, ‘उरलेले शुक्रवारी पाठवतो.’

“सुक्करवारी?” बाई म्हणाल्या. “अन् गुरुवारी सानगडीची मंडई हाय, ते? माह्या लेकीच्या सासरची. लगनाच्या पहिल्याच वर्साची. मी नाई गेली त व्याही काय म्हनतीन?”

तिकडे पुण्यात एक व्याही, इकडे सानगडीत दुसरे. मी कपाळाला हात लावला. बाईंनी बोटांवर हिशेब केला. बुधवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, चार मागांवर दोन-दोन शेले. सोमवारी इस्तरी, घडी आणि पार्सल. पुण्याला चार दिवस. म्हणजे शुक्रवारी पोच, लग्नाच्या दोन दिवस आधी.

“सोमवार लिवा. पन आता बदलू नोका, जी. माह्याच्यानं दुसऱ्यांदा मोजनं होनार नाई.”

मी सोमवार लिहिला. सोळा शेल्यांचं पार्सल कुरिअरवाल्याच्या हाती दिलं, पावतीचा नंबर ईमेलात टाकला आणि ईमेल पाठवून दिला. मग टेबलावर डोकं टेकलं. इतका थकवा मला धान कापूनही आला नव्हता.

आठही शेले वेळेवर पोचले, हे इथंच सांगून टाकतो, उगाच जीव टांगणीला नको. त्याचं श्रेय माझं नाही. ज्या बाईचं आहे ती त्या मंगळवारी इस्तरीच्या टेबलाशी, भिंतीला टेकून पेंगत होती. घडी घालणं आणि पार्सल बांधणं तिचंच काम. सोमवारचं ते काम पुढे रविवारीच, अंधार पडेपर्यंत थांबून, तिनं पुरं केलं. आणि तिला मात्र कोणी काही विचारलंच नव्हतं, ना बाईंनी, ना मी.

तासाभरात उत्तर आलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

“खरं कारण सांगितलंत, बरं वाटलं. ऑर्डर रद्द करत नाही. आठ शेल्यांची वाट पाहते. फक्त एक सांगा, सोमवारी कुठली मंडई नाही ना?”

माग थांबले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी बाईंकडे. आणि भिंतीशी पेंगणारी खडबडून उठून ओरडली, “अवो, सोमवारी त माह्या माहेरची हाय!”