कोड नाही

त्या वर्षी आईला एका जागी बसवत नव्हतं. लघवीच्या जागी सारखी खाज, आग, आणि आता तिथली कातडी पांढरी पडलेली. तिनं ठरवूनच टाकलं, हे कोड. माझं लग्न जमत होतं. कोड असलेल्या घरची मुलगी कोण करून घेणार? म्हणून कोणाला न सांगता ती कार्बोलिक साबणानं घासत राहिली. कातडी सोलवटली, आग वाढली. शेवटी मला कळलं, तेव्हा मीच चिडून तिला टांग्यात बसवलं आणि पंचवटीतून बायकांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी पडद्याआड तपासलं. "हे कोड नाही. कोडाची कातडी अशी पातळ होऊन चिरत नाही. अंगावरून पांढरं जात नाही, म्हणजे हा संसर्गही नाही. हा कातडीचाच आजार, मुळापासून जाणार नाही. साबण बंद करा, हे मलम लावा. जखम भरली नाही किंवा गाठ आली तर लगेच या, त्यातून कर्करोग होऊ शकतो."

आई "कोड नाही" एवढंच ऐकून उठली. टांग्यात ती घरापर्यंत वऱ्हाडाच्या जेवणाचं बोलत होती, आणि बोलता बोलता चुळबुळत होती. मलम डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरच राहिलं होतं.