‘कुठे पाहिलंत?’ विचारणाऱ्या आत्या

माझ्या नवऱ्याच्या आत्यांना कुणी प्रेमळ म्हणालं, तर मला हसू आवरत नाही. त्यांना भेटायला गेलेला माणूस पाच मिनिटांत घड्याळाकडे बघू लागतो. कारण बोलता बोलता आपण काहीतरी ठोकून देतो, आणि आत्या चष्मा कपाळावर चढवून विचारतात, “कुठे पाहिलंत?” झालं. पुढचं सगळं बोलणं ठप्प. लग्नानंतर पहिल्या भेटीत मी त्यांना अमुक भाजीने रक्त वाढतं असं सांगितलं होतं. कुठे पाहिलं, ते मला अजून सापडलेलं नाही.

आत्या शब्दकोशाच्या कार्यालयात उपसंपादक होत्या. निवृत्त झाल्या तरी रोज तिथेच जात. कार्यालय म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला टेकून कपाटं, कपाटांत शब्दांच्या चिठ्ठ्यांचे खोके आणि खिडकीशी आत्यांचं टेबल. एकेका शब्दावर तिथे दोन-दोन दिवस वाद चालत. लग्न त्यांनी केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणत, “विचारणारा पुराव्यात कच्चा होता.” आमच्या मुलीचं नाव त्यांनीच सुचवलं. मृणाल.

आता ज्याच्यावर माझा राग आहे त्या माणसाकडे येते. तो स्वतःला नामसल्लागार म्हणवतो. गुळगुळीत फरशीचं ऑफिस, काचेचं टेबल आणि आवाज असा मऊ की ऐकणाऱ्याला आपणच आजारी आहोत असं वाटावं. आमची लेक आठ वर्षांची. त्या वर्षी तिला दम्याचा त्रास सुरू झाला होता आणि दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. माझा नवरा तसा शहाणा माणूस, पण ऑक्सिजनच्या नळीपुढे शहाणपण टिकत नाही. मित्राच्या सांगण्यावरून तो त्या माणसाकडे गेला, आणि जाताना लेकीलाही घेऊन गेला. मला विचारलं असतं तर मी दारात आडवी झाले असते, म्हणूनच विचारलं नाही.

त्या गृहस्थाने नाव कागदावर लिहिलं, पहिल्या अक्षराभोवती लाल गोल काढला आणि मुलीच्या तोंडावर सांगितलं की ‘मृ’ हा संस्कृत धातू आहे, त्याचा अर्थ मरणे, आणि तुम्ही रोज हाक मारताना या मुलीला मरणच म्हणता आहात.

आठ वर्षांच्या मुलीला हे सांगितलं.

त्या दिवसापासून लेक नावाला ओ देईना. वहीवर नाव घालणं बंद झालं. शाळेत बाईंनी हजेरी घेतली की मान खाली. दवाखान्यात तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ती जागची हलली नाही, मलाच तिला दंडाला धरून उठवावं लागलं. बापाने समजूत घालायची म्हणून सांगितलं, “अगं, मृणाल म्हणजे कमळ.” पोरगी शाळेच्या ग्रंथालयात गेली, छोटा कोश उघडला, तर तिथे कमळ नव्हतंच, ‘कमळाचा देठ’ होतं. घरी येऊन ती मला म्हणाली, “बाबा खोटं बोलले. म्हणजे त्या काकांचंच खरं असणार.” नवऱ्याने नाव बदलायचा अर्ज भरून ठेवला होता, सही तेवढी त्या माणसाच्या ऑफिसात करायची होती. नवं नावही त्याच माणसाने दिलं होतं, रेयांशी. अर्थ, सूर्याचा पहिला किरण.

मी लेकीला घेऊन तडक आत्यांच्या कार्यालयात गेले. एवढीच अपेक्षा होती की नाव ठेवणाऱ्या बाईने पोरीला जवळ घ्यावं आणि सांगावं, बाळा, तो माणूस मूर्ख आहे. एका वाक्याचं काम होतं.

आत्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा कपाळावर गेला. म्हणाल्या, “बघावं लागेल.”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हटलं, आत्या, नाव तुम्ही ठेवलंय, अर्थ तुम्हाला माहीत आहे, पोरगी इथे मुकी झालीये आणि तुम्ही बघता कसलं? त्या म्हणाल्या, “मी ठेवलं म्हणून ते बरोबर ठरत नाही. त्याने न बघता सांगितलं. मीही न बघता सांगितलं तर हिने कुणावर विश्वास ठेवायचा?” लेकीने मान वर केली. मी ते ओझरतंच पाहिलं आणि रागाने खिडकीबाहेर बघत राहिले.

मग आत्यांनी कपाटातून जाडजूड कोश काढले. आधी मराठी, मग संस्कृत. संस्कृतचे मुद्दाम दोन घेतले, एकाने दुसऱ्याची नक्कल केलेली नसेल असे. पानं लेकीला उलटायला लावली. तिन्हींत अर्थ एकच निघाला. कमळाचा देठ, त्या देठातले तंतू. मरण कुठेही नव्हतं. मग त्यांनी ‘मृ’ काढायला लावला. तिथे मृत होतं, मृत्यू होता, मरण होतं. मृणाल त्या घरात नव्हता.

“‘मृ’ने सुरू होणारं सगळं मरणाचं असतं का?” त्यांनी लेकीला विचारलं. “मृदू बघ. मृग बघ.” लेकीने पाहिलं. मऊ निघालं, हरीण निघालं. दोन्हींचे धातू वेगळेच. “म्हणजे तुझ्या त्या काकांनी पहिलं अक्षर वाचलं आणि पुस्तक मिटलं. पुस्तक उघडलं होतं की नाही, तीही शंका आहे.”

मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पर्स उचलली. झालं एकदाचं. पण आत्या उठल्या नाहीत. त्यांनी आणखी एक पुस्तक ओढलं, जुन्या व्याकरणाचं. एका ओळीवर बोट ठेवून त्या माझ्या मुलीला सांगू लागल्या की जुन्या व्याकरणकारांनी मृणाल हा शब्द ‘मृण्’ या धातूपासून साधला आहे आणि त्या धातूचा अर्थ हिंसा करणे, असा दिलाय.

मी पर्स टेबलावर आपटली. चिठ्ठ्या उडाल्या. पलीकडच्या टेबलावरच्या संपादकांनी मान वर करून परत खाली घातली. मी आत्यांना म्हटलं की तुम्हाला हृदय आहे की तिथेही खोकाच आहे? बरं चाललेलं पुन्हा चिघळवायची काय गरज होती? हे तिला कधी कळलंही नसतं.

“कळलं असतं,” आत्या म्हणाल्या. त्यांचाही आवाज आता चढला होता. “देठ कळला तसंच हेही कळलं असतं. पाच वर्षांनी, आणखी कुठल्या तरी गुळगुळीत माणसाकडून. तेव्हा ही म्हणाली असती, आत्याआजीने लपवलं. भाच्याने कमळ सांगितलं तिथेच घोटाळा झालाय. गोड करायला गेला आणि पोरीचा विश्वास घालवला.” मग लेकीकडे वळून त्या हळू आवाजात म्हणाल्या, “त्याच ओळीत आणखी कोणते शब्द आहेत, वाच.”

लेक अडखळत वाचू लागली. तमाल. विशाल. कपाल.

“विशाल म्हणजे?”

“खूप मोठा.”

“त्याचा धातू विश् दिलाय, आत शिरणे. मोठं मैदान कुणाच्या आत शिरतं?”

लेक किंचित हसली. कितीतरी दिवसांनी. आत्या तिला म्हणाल्या की त्या लोकांना प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या धातूला बांधायचाच होता, कधी गाठ पक्की बसली, कधी ओढूनताणून. मृणालची गाठ आज अभ्यासकांना पक्की वाटत नाही. “आणि पक्की असती तरी धातू म्हणजे अर्थ नव्हे. माणसं शब्द कशाला वापरत आली, ते बघायचं. कवी हजारो वर्षं मृणाल म्हणतात ते या देठालाच. तो मोडला तरी आतले तंतू चटकन सुटत नाहीत. आता तू ठरव.”

लेकीने काही ठरवलं नाही. फक्त विचारलं, “आणि रेयांशी?”

तेही आत्यांनी तितक्याच इमानदारीने बघितलं, याचं मला आश्चर्य वाटलं. अंश सापडला, भाग. ‘रे’ सापडला तो हाक मारायचा शब्द, तोही बहुधा समोरच्याला तुच्छ लेखताना. किरण कुठेच नाही. किरणाला रे म्हणतात ते इंग्रजीत. सूर्य नाही, पहिला तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवशी नवरा सही करायला त्या ऑफिसात निघाला, तेव्हा आम्ही तिघीही गेलो. मी भांडायच्या तयारीने गेले होते, वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. नामसल्लागार मऊ आवाजात म्हणाला, या आजी, बसा. आत्या बसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की मृणाल हा शब्द ‘मृ’पासून आलाय, हे आपण कुठे पाहिलंत. तो म्हणाला, शास्त्रात आहे. कुठल्या शास्त्रात? परंपरेत आहे. कुठल्या ग्रंथात? हे अनुभवाने कळतं, तो म्हणाला. ‘रे’चा अर्थ किरण कुठे पाहिलात? यावर त्याने मोबाइल पुढे केला. त्यावरच्या यादीत नावांपुढे अर्थ होते आणि अर्थांपुढे आधार काहीच नव्हता.

“म्हणजे तुम्ही पाहिलेलंच नाही,” आत्या म्हणाल्या. “माझ्या नातीला तुम्ही मरण म्हणालात, आणि पाहिलंसुद्धा नव्हतंत.”

माझ्या जुळवलेल्या वाक्यांची गरजच उरली नाही. नवरा अर्जाकडे बघत उभा होता. मग त्याने तो फाडला. मला वाटलं होतं मला आनंद होईल. झाला नाही. मला त्या काचेच्या टेबलावर पेपरवेट फेकावासा वाटत होता. अजूनही वाटतो. तो माणूस तिथेच आहे, त्याच्या दाराशी रांग असते आणि रांगेत मुलं असतात.

लेकीचा दमा काही नाव न बदलल्यामुळे गेला नाही, आणि बदलल्यानेही गेला नसता. डॉक्टरांनी तिच्या खोलीतल्या ओल आलेल्या भिंतीवरची बुरशी काढून घ्यायला सांगितली, पंप दिला, तपासण्या चालू ठेवल्या. पुढच्या तपासणीला आत्या सोबत आल्या. बाकावर आमच्या शेजारी बसल्या होत्या. नर्सने दार उघडून नाव पुकारलं. मी सवयीने लेकीचा दंड धरायला हात पुढे केला, तर जागा रिकामी. ती दारापाशी पोचली होती.

नर्सने तिच्या गालाला हात लावून विचारलं, “छान नाव आहे गं. अर्थ काय?”

“कमळाचा देठ,” लेक म्हणाली. “मी स्वतः पाहिलंय.”

आत्यांनी चष्मा काढला आणि पदराने बराच वेळ पुसत बसल्या. काचा स्वच्छ होत्या, मी पाहिलं होतं.