तिच्या श्वासाच्या खुणा

आमच्या पंचायतीच्या अध्यक्षबाईंना दमा. तालुक्याला, जोयड्याच्या सभेत गावाला नसलेल्या रस्त्याबद्दल बोलायचं होतं, म्हणून त्या माझ्याकडं आल्या. मी शाळेतून निवृत्त झालेला, रिकामाच होतो. "गुरुजी, लिहून द्या, पण मला झेपंल असं," म्हणाल्या.

आधी मी त्यांना नुसतं बोलायला लावलं आणि दम कुठं तुटतो ते पाहिलं. तिथं तिथं वाक्यं मोडली. एक तिरकी रेघ म्हणजे जरा थांबायचं, दोन रेघा म्हणजे जास्त. श्वासाला लाल टिंब, जोर द्यायच्या शब्दाखाली रेघ. 'खुर्चीत बसवून जंगलातनं आणताना ती बाळंतीण वाटेतच गेली', यापुढं दोन रेघा. "इथं मनात तीन मोजा," मी सांगितलं. ती त्यांची जाऊ होती. आठ दिवस माझ्या पडवीत त्यांनी सराव केला.

सभेत नाव त्यांचं पुकारलं आणि उठला नवरा. कागद त्याच्याच खिशात होता. "तिला न्हाई जमायचं," तो हसत म्हणाला. टिंबं, रेघा तुडवत त्यानं सगळं एका दमात वाचलं. स्वतःची भावजय मेली तिथंसुद्धा मेला थांबला नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, निर्लज्जासारख्या.

बाई मागं खुर्चीत ओठांतल्या ओठांत आपल्या गतीनं तेच भाषण म्हणत होत्या. त्या दोन रेघांशी पोचल्या तेव्हा टाळ्या चालू होत्या. तरी त्यांनी बोटांवर तीन मोजले.